पडद्यामागचा मालक आणि दलालाचा दलाल

समजा, मुंबईच्या एका व्यापाऱ्याची 50 क्विंटल हळद सांगलीच्या गोदामात पडून आहे. तिथल्या दलालाला तो सांगतो, ‘क्विंटलला 14,000 भावाने वीक, माझं नाव मात्र कुठं घेऊ नकोस.’ दलाल आजारी पडतो आणि काम बाजारातल्याच दुसऱ्या दलालाकडे सोपवतो. हा उपदलाल मसाला गिरणीशी 7 लाखांचा सौदा करतो, तोही पहिल्या दलालाच्या नावाने. गिरणीवाला समजतो, माल त्या दलालाचाच. या दलालाकडून त्याचे 2 लाख येणे आहे; ते वळते करून 5 लाखच द्यायचे, असा त्याचा हिशेब.

आता मुंबईकर पुढे येऊन पूर्ण 7 लाख मागतो. 1872 च्या भारतीय करार कायद्यातली कलमे 231 आणि 232 त्याला सौदा पुरा करून मागू देतात, पण एका अटीवर. दलालामागे कोणी मालक आहे, याची गिरणीवाल्याला कल्पना किंवा शंकेला जागा नसेल, तर दलालाविरुद्धचा हक्क मालकालाही लागू होतो. म्हणजे त्याच्या हाती पाच लाखच येतील. उरलेले 2 लाख त्याने दलालाकडून वसूल करायचे.

पण मुळात उपदलाल नेमायचा अधिकार होता का? कलम 190 प्रमाणे, जे काम स्वतः करायचे म्हणून दलालाने पत्करले, ते तो दुसऱ्यावर ढकलू शकत नाही. व्यापाराची तशी रीत असेल किंवा कामच तसे असेल, तरच सूट. पोती वजन करायला हमाल लावणे वेगळे. भाव ठरवणे वेगळे, कारण मालकाने भरवसा टाकलेला असतो तो दलालाच्या पारखीवर.

नेमणूक रीतसर असेल, तर उपदलालाचा सौदा मालकाला बांधतो आणि त्याच्या कामाचा जाब मालकाला पहिला दलाल देतो. उपदलाल मालकाला थेट जबाबदार ठरतो, तो फक्त लबाडी किंवा जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्यात.

नेमणूक बिनअधिकाराची असेल, तर कलम 193 नुसार उपदलालाचा मालक ठरतो तो पहिला दलालच. मुंबईकर हात झटकू शकतो. पण उद्या भाव पडले आणि ‘सौदा मला मंजूर’ म्हणावेसे वाटले तर? इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1901 साली गव्हाच्या सौद्यावरून झालेल्या किघली मॅक्सस्टेड विरुद्ध ड्युरंट खटल्यात हा मार्ग बंद केला. दलालाने अधिकाराबाहेर जाऊन, मालकाचा उल्लेखही न करता स्वतःच्या नावाने केलेला सौदा मालकाला मागाहून मंजूर करून आपला म्हणता येत नाही.

म्हणून नाव झाकून व्यापार करणाऱ्याने दलालाला दोन गोष्टी आधीच लेखी द्याव्यात: भावाची मर्यादा, आणि काम दुसऱ्याकडे सोपवायची परवानगी आहे की नाही. गिरणीवाल्यानेही सौदा लिहिताना विचारावे, ‘माल कुणाचा?’ उत्तर मिळाल्यावर जुनी बाकी वळती करण्याचा भरवसा धरू नये.