वीस अधिक दहा म्हणजे अठ्ठावीस

दिवाळीच्या तोंडावर कापडदुकानावर ‘२०% + १०% सूट’ अशी पाटी लागते आणि आपण मनातल्या मनात तीस टक्के धरतो. २,००० रुपये एमआरपीची साडी १,४०० ला मिळेल, असा आपला हिशेब. बिल येतं १,४४० चं. पहिली वीस टक्के सूट २,००० वर मिळते, पण दुसरी दहा टक्के उरलेल्या १,६०० वर, म्हणजे १६० रुपयेच. एकूण सूट अठ्ठावीस टक्के. अकरावीच्या पुस्तपालनातही आधी व्यापारी सूट वजा करून उरलेल्या रकमेवरच रोख सूट काढतात. पद्धत जुनीच आहे. पाटीवर मात्र ती लिहिलेली नसते.

दहा टक्के आधी आणि वीस नंतर लावले तर? तरीही १,४४०च. दोन्ही सवलती टक्क्यांत असतील, तर क्रमाने काही बिघडत नाही.

क्रम महत्त्वाचा ठरतो तो रुपयांतलं कुपन मध्ये आलं की. समजा, याच साडीवर ३०० रुपयांचं कुपन आहे. ते शेवटी वजा केलं तर १,४४० मधून ३०० जाऊन १,१४० द्यावे लागतात. तेच आधी वजा केलं तर १,७०० वर दोन्ही सवलती लागतात आणि बिल १,२२४ होतं. ८४ रुपयांचा फरक पडतो, कारण कुपनामुळे कमी झालेल्या ३०० रुपयांवरची अठ्ठावीस टक्के सूट आपण गमावतो. कुपन शेवटी लागलं तरच ते पूर्ण ३०० रुपयांचं राहतं.

याहून जास्त फसगत किमान खरेदीच्या अटीत होते. कुपनावर ‘१,५०० च्या खरेदीवर’ असं छापलेलं असतं. ही खरेदी एमआरपीने मोजायची की सूट वजा करून? एमआरपीने साडी २,००० ची आहे, कुपन चालतं. सूट वजा केल्यावर ती १,४४० ची होते आणि साठ रुपयांसाठी कुपन नाकारलं जातं. मग गिऱ्हाईक शंभराचा रुमालाचा सेट उचलतं. ही अट कुपनावरच स्पष्ट छापायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तोवर साडी बांधायला सांगण्याआधीच विचारावं, “कुपन कोणत्या रकमेवर धरता?”

बिलात करही पाहावा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. म्हणून एमआरपीवर सूट देऊन १,४४० वर पुन्हा पाच टक्के कर चढवला आणि १,५१२ मागितले, तर तिथेच हरकत घ्यावी. जीएसटी येण्यापूर्वी, २०१७ मध्ये, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सवलतीच्या किमतीवर असा वेगळा व्हॅट लावणं अनुचित ठरवलं होतं. बिलात कर वेगळा दाखवलेला असला, तरी तो १,४४० च्या आतलाच असायला हवा.