ओसरीवरची संमती

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी एखादी विद्यार्थिनी वही घेऊन जाते, तेव्हा घरातली बाई तिच्याकडे संशोधक म्हणून पाहत नाही. ती तिला तहसीलमधून आलेली बाई समजते, नाहीतर बँकेची, नाहीतर एखाद्या संस्थेची. दोन-तीन वाक्यं झाली की प्रश्न येतो, “मॅडम, पैसे कव्हा येतेत?”

नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणापासून क्षेत्रप्रकल्प आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन इंटर्नशिपची मार्गदर्शक तत्त्वं 2024 मध्ये जाहीर केली. या भागात ग्रामीण अर्थकारण, स्त्रिया किंवा आरोग्य असा कोणताही विषय घेतला, तरी विद्यार्थी फिरून फिरून शेतकरी कुटुंबाच्या दारात पोचतो. तिथं संमती कशी घ्यायची आणि त्या माणसाची ओळख कशी राखायची, एवढंच मी इथं पाहणार आहे. बहुतेक प्रकल्पांत हे काम शेवटच्या पानावर जोडलेल्या छापील अर्जावर उरकलेलं असतं.

पैशांच्या प्रश्नामागे एक शासन निर्णय आहे. 19 डिसेंबर 2005 च्या निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली: 30 हजार हातात आणि 70 हजार खात्यात ठेव म्हणून. मदत आपोआप मिळत नाही. जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. म्हणजे या घराने नवऱ्याच्या मृत्यूचं कारण पोलिसांना, तलाठ्याला आणि महसूलच्या लोकांना आधीच अनेकदा सांगितलेलं असतं, आणि त्या सांगण्यावर पैसे अवलंबून होते. संशोधकाने तोच प्रश्न विचारला की बाईच्या मनात तोच हिशोब सुरू होतो. दारूचा उल्लेख करावा का? कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं हे बोलावं का? प्रकरण फेरतपासणीत असेल, तर तिचं खरं उत्तर तिच्याच विरोधात जाऊ शकतं.

वही घेऊन येणाऱ्याला सांगितलं की मदत मिळते, या समजुतीचं मूळ लातूरच्या दक्षिणेला आणखी जुनं असावं, असं मला वाटतं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर औसा आणि उमरगा भागात पाहण्या झाल्या, याद्या झाल्या आणि 52 गावं नव्या जागी वसवली गेली. ज्याचं नाव यादीत आलं त्याला घर मिळालं. वही घेऊन येणाऱ्याला नाव सांगायचं, ही शिकवण तिथं घराघरात आहे.

म्हणून पहिलं वाक्य प्रकल्पाचं नाव सांगणारं नको. “मी कॉलेजात शिकते. सरकारी माणूस नाही. मी लिहिल्याने तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, आणि नाही बोललात तर काही थांबणारही नाही.” हे आधी सांगावं, आणि पैशांचा प्रश्न पुन्हा आला की पुन्हा सांगावं. मुलाखत सुरू झाल्यावर तो प्रश्न आला, तर संमती अजून मिळालेली नाही असं समजावं.

छापील अर्ज बहुधा इंग्रजीवरून उतरवलेला असतो. ‘स्वेच्छेने’, ‘गोपनीयता’, ‘सहभागी’ हे शब्द ओसरीवर चालत नाहीत. समजलं का असं विचारलं की सगळे होच म्हणतात. त्यापेक्षा अर्ज बाजूला ठेवून विचारावं, “मी कशासाठी आले, ते तुमच्या सासूबाईंना कसं सांगाल?” उत्तर आलं की “आमचं सरकारात घालणार हाय”, तर पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. परवानगीही एकदाच आणि सगळ्याची मिळून मागू नये. बोलायला हरकत नाही, आवाज टिपला तर चालेल का, तुमचे शब्द जसेच्या तसे छापले तर चालतील का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पुष्कळ बायका पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही. तेव्हा हाताने लिहून घ्यावं.

अंगठा घ्यायचा असेल, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार निःपक्ष साक्षीदार लागतो. गावात निःपक्ष कोण? आशाताई पाटलांच्या नात्यातली असते, पोलीस पाटील पंचनाम्याचा साक्षीदार असतो. आणि सहीचा कागद धोक्याचा ठरणार असेल तर? त्याच तत्त्वांत, ठरावीक परिस्थितीत नैतिक समितीच्या मान्यतेने लेखी सहीची अट शिथिल करण्याची सोय आहे. शेतकरी आत्महत्येच्या विषयात ही सवलत मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव, गाव आणि अंगठा असलेला तो कागद हाच सगळ्या प्रकल्पातला सर्वांत ओळख पटवणारा दस्तऐवज असतो. तोंडी संमती टिपताना नाव न घेता क्रमांक उच्चारावा. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकारातून 2000 साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक तत्त्वं तयार झाली. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने ती एकदा वाचावीत. प्रयोगशाळेपेक्षा ओसरीच्या जवळची आहेत ती.

सरपंचाने हो म्हटलं म्हणजे गावात जायची वाट मोकळी झाली, इतकंच. सासऱ्याने ओसरीवर बसायला सांगितलं म्हणजे सुनेने हो म्हटलं असं नव्हे. आणि ओसरीवर एकांत कधीच नसतो. दीर येऊन टेकतो, शेजारीण पोरं घेऊन येते, आणि एखादा माणूस बाईच्या आधी उत्तर देतो. त्याला उठवता येत नाही, तशी अपेक्षाही धरू नये. बाईशी आधीच ठरवून घ्यावं: कोणी आलं की मी सोयाबीनच्या भावाचं विचारीन. मग कोणी आलं की खरंच भाव विचारायचा आणि वही मिटायची. तिला ज्या वेळी घरी माणसं नसतात, ती वेळ तिनेच सांगावी. बोलता बोलता तिला भरून आलं, तर प्रश्न थांबवावेत, पुढे जायचं की नाही ते तिलाच ठरवू द्यावं, आणि 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक तोंडपाठ असावा. तिच्याकडे ठेवायच्या चिठ्ठीवर मार्गदर्शक शिक्षकांचा फोन आणि कोणत्या तारखेपर्यंत “माझं काढून टाका” म्हणता येईल ते असावं. प्रकल्पाचं शीर्षक मात्र नको. ‘शेतकरी आत्महत्या’ असं छापलेला कागद फडताळात सापडला, तर ती कोणाशी काय बोलली याची चौकशी घरातच सुरू होते.

ओळख लपवण्याचं काम याहून अवघड आहे. विद्यार्थी नाव बदलून ‘सुनीता’ लिहितो आणि निश्चिंत होतो. एक रचलेली नोंद घेऊ. “नायगाव तालुक्यातल्या अडीच हजार वस्तीच्या गावातली सुनीता, वय 34. मार्च 2016 मध्ये नवऱ्याने आत्महत्या केली. तीन एकर कोरडवाहू, दोन मुली. सध्या अंगणवाडी मदतनीस. सातबाऱ्यावर नाव लावायला दिराचा विरोध.” अडीच हजार वस्तीत साधारण पाचशे घरं. आत्महत्या झालेली घरं त्यांत दोन-तीन. दोन मुली म्हटलं की एक उरतं. आणि अंगणवाडी मदतनीस गावात असतातच एक-दोन, म्हणजे तेवढा एक शब्दही पुरे. बदललेल्या नावाने काहीच लपलं नाही.

आता एकेक धागा सैल करू. तालुक्याऐवजी जिल्ह्याचा पूर्व भाग, 34 ऐवजी तिशीतली, मार्च 2016 ऐवजी 2015 ते 2018 च्या दरम्यान, तीन एकरांऐवजी अल्पभूधारक, अंगणवाडीऐवजी मानधनाचं काम. इथवर अभ्यासाचं नुकसान होत नाही. मुलींच्या जागी मुलगे लिहायचा मोह मात्र टाळावा. वारसनोंदीच्या वेळी घरात मुली असणं आणि मुलगे असणं यांनी बाईची बाजू बदलते. खोटा तपशील घातला की निष्कर्षही खोटा होतो. तिथं “मुलं लहान” म्हणून थांबावं.

दिराचा विरोध उरतो. तो सैल करता येत नाही, कारण प्रकल्पाचा मुद्दाच तो आहे. आणि अहवाल ओळखणारा माणूसही तोच दीर आहे. नांदेडचा किंवा मुंबईचा वाचक सुनीताला शोधायला जाणार नाही. धोका घरातून आणि गावातून असतो, जिथं थोड्याशा खुणेवर माणूस ओळखला जातो. म्हणून हा भाग तिच्या कहाणीतून काढून, ज्या ज्या मुलाखतींत असा विरोध आला त्या सगळ्यांच्या एकत्रित परिच्छेदात घालावा, नाव आणि क्रमांक दोन्ही न देता. असा अनुभव एकटीचाच असेल, तर तो अहवालात येऊ नये. मार्गदर्शकाने यासाठी गुण कापू नयेत.

अमेरिकेत हे फार पूर्वी अनुभवाला आलं. आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाला ‘स्प्रिंगडेल’ असं नाव देऊन 1958 साली पुस्तक लिहिलं. व्यक्तींची नावंही बदललेली होती. गावकऱ्यांनी मात्र कोण कोण आहे ते ओळखलं, आणि 4 जुलैच्या मिरवणुकीत शेणखताच्या गाड्यावर लेखकाचा पुतळा बसवून त्याचा निषेध केला. आपल्याकडची बाई मिरवणूक काढू शकणार नाही. तिला त्याच घरात राहायचं असतं.

बोलीही ओळख देते. देगलूर-बिलोलीकडची तेलुगूची छटा असलेली मराठी आणि उदगीर-निलंग्याकडची कानडीच्या सावलीतली मराठी जाणकाराला लगेच कळते. एखाद्या बाईची सवयीची म्हण तर तिच्या गल्लीला पाठ असते. अवतरण छापण्याआधी ती म्हण काढावी, बोली मात्र पुसून प्रमाण मराठी करू नये.

आमच्या भागातली सर्वांत मोठी गळती मात्र मुखपृष्ठावर होते. विद्यार्थी इंटर्नशिप बहुधा स्वतःच्याच गावात किंवा शेजारच्या गावात करतो, कारण एसटीचं भाडं परवडत नाही. आत गावाचं नाव कितीही लपवलं, तरी मुखपृष्ठावर विद्यार्थ्याचं नाव असतं आणि तो कुठला हे सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. त्याने शक्य तर दुसऱ्या तालुक्यात जावं. ते जमत नसेल, तर वर्गातल्या चार-पाच जणांनी आपापल्या मुलाखती एकत्र करून एकच अहवाल लिहावा.

दुसरी गळती पुराव्याची. मूल्यांकनासाठी पुष्कळ ठिकाणी जिओ-टॅग फोटो मागतात: प्रतिसादकर्तीबरोबर उभं राहून, खाली अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ. विधवेच्या ओसरीवर घेतलेला असा फोटो म्हणजे संमतीपत्रात दिलेलं वचन त्याच दिवशी मोडणं. तो फोटो फायलीत जातो, व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, पुढे संकेतस्थळावरही जातो. या विषयांपुरता हा आग्रह महाविद्यालयांनी सोडावा. हजेरीचा पुरावा म्हणून क्रमांक लिहिलेली दैनंदिनी, मार्गदर्शकाची सही आणि संमतीच्या ध्वनिमुद्रणातली काही मिनिटं शिक्षकांनी समोर बसून ऐकणं पुरेसं आहे.

ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी फोनचा क्लाउडवर आपोआप साठा होण्याचा पर्याय बंद करावा. फाईलचं नाव गावाच्या आद्याक्षरावरून ठेवू नये, ‘07’ एवढंच असावं. कोणता क्रमांक कोणाचा ही यादी एकाच कागदावर, मार्गदर्शकाच्या कुलपात, मुलाखतींपासून वेगळी. शब्दांकन तपासून झालं की आवाज पुसावा, आणि माघार घेण्याची तारीख उलटली की यादी फाडावी.

वचन देताना “कोणालाही कळणार नाही” असं म्हणू नये, कारण ते आपल्या हातात नाही. “मी सांगणार नाही” एवढंच म्हणावं. त्यालाही मर्यादा आहेत. वकील आणि अशिलाच्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे, तसं संशोधकाला आपल्याकडे नाही. न्यायालयाने नोंदी मागितल्या तर नकार देणं अवघड आहे. आणि बोलण्यात अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती आली, तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे बाईला मुलाखत सुरू होण्याआधी सांगायला हवं, म्हणजे काय बोलायचं आणि काय नाही हे तिला ठरवता येईल. बिनपरवाना सावकाराचं नाव घेणाऱ्या बाईलाही तिथल्या तिथे सांगावं, “नाव नका सांगू, मला ते लागत नाही.” जे वहीत उतरलंच नाही, ते मागणाऱ्यालाही देता येत नाही.