चाळीस मुलं, ठरलेला अभ्यासक्रम: पहिले दोन आठवडे

गुजरातच्या ‘प्रज्ञा’ उपक्रमातल्यासारखं गटात शिकवणं सुरतेतल्या नव्या शिक्षकाने एकाच विषयापासून सुरू करावं. पहिला आठवडा फक्त सवयीचा: पाच-पाचांचे आठ गट, साहित्य घेणं-ठेवणं, धडे नेहमीसारखेच.

दुसऱ्या आठवड्यात हातच्याची बेरीज, २७ + १५. रोज दोन गट काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधतील आणि शिक्षक त्यांच्यापाशीच बसतील. उरलेले सहा गट येत असलेल्या बेरजा सोडवतील. नवं काम दिलं तर ते शिक्षकाला उठवतात. चार दिवसांत वर्ग पूर्ण होतो. पाचव्या दिवशी पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय, त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडत नाही. वहीत ३१२ उत्तर आलं, तर त्या मुलाने बारा सुट्यांतून दहाचा गठ्ठा बांधलाच नव्हता. गटात दुसऱ्याचेच हात चालले. त्याला एकट्याला काड्या द्याव्यात.