पत्राखाली सही कोणाची?

अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे भागधारक लाखोंच्या घरात होते, आणि त्यांची पत्रंही तशीच ढिगाने यायची. या पत्रांना उत्तरं लिहायला कंपनीने माणसं अगदी पारखून घेतली होती, त्यांना चांगलं प्रशिक्षणही दिलं होतं. काम डोक्याचं होतं, खुर्ची-टेबल व्यवस्थित होतं, पगार वेळेवर होत होता. तरीही १९६०च्या दशकाच्या मध्यावर या खात्याचे कामगिरीचे जवळजवळ सगळे आकडे पडलेले होते. नोकरी सोडून जाणाऱ्यांशी बोलल्यावर कळलं, की हे काम आव्हानात्मक आहे असं सगळे म्हणतात, पण ते आव्हान बोलण्यापुरतंच आहे.

कारण काम चालायचं ते असं. कर्मचारी पत्र वाचणार, माहिती शोधणार, उत्तर लिहिणार. मग ते उत्तर सुपरवायझरकडे जाणार. तो ते तपासणार, दुरुस्त करणार आणि खाली स्वतःची सही ठोकणार. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याचं नाव पत्रावर कुठेच नाही. अडलं की विचारायचं तेही सुपरवायझरलाच. आज किती पत्रं झाली, याचा हिशेब रोज डोक्यावर.

या खात्यात जो प्रयोग झाला, त्याची हकिगत फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिली. कंपनीचं नाव त्याने लेखात दिलं नाही, पण ते पुढे सर्वांना कळलं. तो लेख व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना अजून वाचायला लावतात. त्याच्या बरोबरीने अब्राहम मॅस्लोची गरजांची उतरंडही शिकवतात, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत दोघांना एका तक्त्यात शेजारी शेजारी बसवलेलं असतं: मॅस्लोच्या खालच्या गरजा म्हणजेच हर्झबर्गचे ‘आरोग्य घटक’, वरच्या गरजा म्हणजेच त्याचे ‘प्रेरक घटक’. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. कारखान्यात किंवा कचेरीत मात्र हे दोघे वेगवेगळं सांगतात, आणि चुकीच्या माणसाचं ऐकलं की पैसा वाया जातो.

मॅस्लोने आपला विचार १९४३ साली मांडला. भूक-तहान, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान, आणि शेवटी स्वतःत जे आहे ते फुलवण्याची ओढ. खालची गरज बरीचशी भागली की वरची डोकं वर काढते, आणि भागलेली गरज माणसाला हलवत नाही. यातल्या ‘बरीचशी’ या शब्दाकडे दुर्लक्ष होतं. मॅस्लोने स्वतःच, निव्वळ उदाहरणादाखल, आकडे कल्पिले होते: सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, आपुलकीच्या ५०, मानाच्या ४० आणि सर्वांत वरची १० टक्के भागलेली असेल. म्हणजे एक मजला पुरा बांधून झाल्यावरच दुसऱ्यावर चढायचं, असं त्याचं म्हणणं नव्हतं. तो प्रसिद्ध पिरॅमिडही त्याने काढलेला नाही. तो नंतर व्यवस्थापन सल्लागारांनी काढला, आणि त्यातल्या सरळ रेषांमुळेच हा गैरसमज पक्का झाला असावा.

हर्झबर्गची सुरुवात वेगळ्या प्रश्नाने झाली. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, की कामावर तुम्हाला खूप छान वाटलं असा एक प्रसंग सांगा, आणि खूप वाईट वाटलं असाही एक सांगा. हे पुस्तक १९५९ साली आलं. छान वाटल्याच्या प्रसंगांत लोक पार पाडलेल्या कामाबद्दल, मिळालेल्या दादेबद्दल, अंगावर पडलेल्या जबाबदारीबद्दल बोलले. वाईट वाटल्याच्या प्रसंगांत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, कामाची जागा यांचा पाढा होता. यावरून हर्झबर्गने दोन वेगळ्या पट्ट्या कल्पिल्या. एका पट्टीवर नाराजी मोजायची: ती फार तर शून्यावर आणता येते. दुसरीवर समाधान मोजायचं. कँटीन सुधारलं तर कुरकुर थांबेल, पण म्हणून कोणी जीव ओतून काम करू लागणार नाही. उलट, काम कितीही रसाचं असलं तरी गळकं छप्पर सलतच राहणार.

आता त्या पत्रांच्या खात्याकडे. प्रयोगाची शिस्त अशी, की नेहमीची पगारवाढ सोडली तर पगार, सवलती, जागा यांना कोणत्याच गटात हात लावायचा नाही. एका गटात दर आठवड्याला साधारण एक बदल, असे दोन महिन्यांत सात बदल करायचे. दुसरा गट जसाच्या तसा ठेवायचा. नुसतं आपल्याकडे कोणी लक्ष देतंय म्हणूनही माणसं नेटाने काम करतात, त्यामुळे तो परिणाम वेगळा काढायला आणखी दोन गट.

पहिला बदल: प्रत्येक गटात एकेका विषयाचा जाणकार नेमला, आणि अडलेल्याने सुपरवायझरकडे जाण्याआधी त्याला विचारायचं ठरलं. दुसरा: कर्मचाऱ्याने पत्रावर स्वतःची सही करायची. तिसरा: अनुभवी लोकांची पत्रं सुपरवायझरने कमी तपासायची, शंभर टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर यायचं, आणि तपासणी त्यांच्या टेबलाशी जाऊन करायची. रोजच्या पत्रांच्या संख्येची टोचणी बंद झाली. ‘दिवसभराचं काम पुरं व्हावं’ एवढंच बोलायचं. पत्रं थेट टपालखान्यात जाऊ लागली. ठरीव मजकुराऐवजी माणसागणिक उत्तर लिहायला सांगितलं गेलं, आणि पत्राच्या अचूकतेला लिहिणारा स्वतः जबाबदार झाला.

सुरुवातीला कामगिरी आणखी खाली गेली. नवी जबाबदारी अंगवळणी पडेपर्यंत असं होणारच, पण आपल्याकडे कुठल्याही मिटिंगमध्ये हा आलेख दाखवला असता तर प्रयोग तिथेच गुंडाळला गेला असता. सहा महिन्यांच्या शेवटी मात्र बदल झालेला गट जसाच्या तसा ठेवलेल्या गटाच्या पुढे गेला होता. गैरहजेरी कमी झाली, कामाची आवड वाढली, आणि पुढे या गटातल्या लोकांना बढत्याही जास्त मिळाल्या.

हर्झबर्गचा यातला मुद्दा बारकाईने पाहण्यासारखा आहे. काम समृद्ध करायचं म्हणून साहेबलोक बहुधा तेच काम वाढवतात, किंवा एका कंटाळवाण्या कामावरून दुसऱ्या कंटाळवाण्या कामावर माणूस फिरवतात. त्याच्या मते हे शून्यात शून्य मिळवणं झालं. इथे काम वाढलं नाही, वरच्या पायरीवरचा थोडा अधिकार खाली आला.

पण सुपरवायझरचं काय? दिवसभर दुसऱ्यांची पत्रं तपासणं हीच ज्याची नोकरी, त्याच्याकडून नव्वद टक्के तपासणी काढून घेतली. हर्झबर्ग म्हणतो, की असे लोक आधी धास्तावतात आणि नंतर त्यांना आपलं राहून गेलेलं खरं काम, म्हणजे माणसं घडवण्याचं काम, सापडतं. सापडत असेलही. मला मात्र या खुर्चीशी मॅस्लो जास्त खरा वाटतो. वरच्या गरजांच्या कोड्यात गुंतलेला माणूस एका दिवसात सुरक्षिततेच्या गरजेवर येऊन आदळू शकतो. समृद्ध केलेलं काम खालच्याला मान देतं आणि मधल्याची झोप उडवतं. असे प्रयोग अनेकदा कामगारांनी नव्हे, मधल्या फळीने हाणून पाडलेले असतात.

मॅस्लोची कसोटीही कडक झाली आहे, आणि गंमत म्हणजे त्याच कंपनीत. हॉल आणि नौगेम या संशोधकांनी एटी अँड टीच्या तरुण व्यवस्थापकांचा पाच वर्षांचा प्रवास १९६८ साली तपासला. एक गरज भागली की वरची जोर धरते, याला त्यांना फारसा आधार मिळाला नाही. हर्झबर्गही निर्दोष नाही. १२ अभ्यासांतल्या १,६८५ कर्मचाऱ्यांची त्याने स्वतः मांडलेली बेरीज पाहा. समाधानाच्या कारणांत ८१ टक्के प्रेरक घटक होते हे खरं, पण असमाधानाच्या कारणांत आरोग्य घटक ६९ टक्केच होते. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश नाराजी कामातूनच आलेली. शिवाय चांगलं झालं की ‘मी केलं’ आणि बिघडलं की ‘कंपनीने केलं’, असं माणूस सांगतोच. व्हिक्टर व्रूमने १९६४ सालीच हे बोट ठेवलं होतं.

आता चाकणच्या एखाद्या कारखान्यातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एकच सीएनसी मशीन, पहिल्या शिफ्टला पर्मनंट कामगार, दुसऱ्याला ठेकेदाराचा मुलगा. एचआरने ठरवलं, की ‘महिन्याचा उत्तम कामगार’ म्हणून फोटो लावायचा. ठेकेदाराच्या मुलाला सात महिन्यांनी ब्रेक मिळणार, की गेटपास वाढणार, हेच माहीत नाही. त्याला तो फोटो काय कामाचा? पगार कापला जाणार नाही, ओव्हरटाइमचे पैसे बुडणार नाहीत, पीएफ खरंच भरला जातोय, एवढं कळलं तरी तो जोमाने काम करेल. हर्झबर्गच्या हिशेबात या साऱ्या नाराजी टाळणाऱ्या गोष्टी. या मुलाच्या बाबतीत त्याच प्रेरणा आहेत, आणि इथे मॅस्लो जिंकतो. हर्झबर्गने ज्यांना विचारलं ते अभियंते आणि हिशेबनीस होते, हे विसरायचं नाही.

पर्मनंट कामगाराचं उलट. त्याला दिवाळीला बोनस मिळतो, कायद्याने किमान ८.३३ टक्के, आणि युनियन असली तर जास्त. पहिल्यांदा जास्त मिळाला त्या वर्षी पेढे वाटले गेले असतील. चौथ्या वर्षी तोच आकडा आला तर गेटवर कुजबुज. इथे हर्झबर्ग अचूक आहे. या माणसाला काही द्यायचंच असेल तर ‘फर्स्ट पीस’ द्या. शिफ्टचा पहिला तयार भाग क्वालिटीचा माणूस येऊन मोजेपर्यंत मशीन बंद ठेवून तो वाट पाहत बसतो. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर त्याच्या हाती देऊन, माप त्याने लिहून, तपासणीच्या कागदावर सही त्याची घेतली, आणि माप चुकलं तर मशीन थांबवायचा अधिकारही दिला, तर ते एटी अँड टीच्या पत्राखालच्या सहीसारखंच झालं.

हे फसतं कधी? सही दिली पण अधिकार दिला नाही, तेव्हा. भाग रिजेक्ट झाला की सही दाखवून पगार कापायचा आणि मशीन थांबवलं की टार्गेटवरून झापायचं, असं सुरू झालं की त्या कागदावर न मोजताच आकडे भरले जातात. सगळी मापं टॉलरन्सच्या बरोबर मध्यावर, रोज, एकसारखी. खऱ्या मायक्रोमीटरवर असं कधी येत नाही.

कुठला सिद्धांत लावायचा हे ओळखायला मॅस्लोनेच एक युक्ती सांगून ठेवली आहे. १९६२च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियातल्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कारखान्यात राहून निरीक्षण करत होता. तक्रारी कधी संपणार नाहीत, असं त्याने त्या काळात मांडलं. पाहायचं ते तक्रारींची पातळी. थंडी वाजते, नोकरी जाईल ही खालची. माझं श्रेय दुसऱ्याने घेतलं ही वरची. कामच नीट होत नाही, माल वाईट जातोय, ही त्याहून वरची. चाकणच्या त्या कारखान्यातली तक्रारपेटी या नजरेने उघडली, तर ठेकेदाराच्या मुलाची चिठ्ठी बहुधा सापडणारच नाही. तो ती टाकत नाही. त्याचं म्हणणं चहाच्या टपरीवर ऐकावं लागतं.