दूध संकलनाची चार वर्षे, एका पानात

सातारा जिल्ह्यातला एक तरुण उदाहरणासाठी डोळ्यांसमोर आणू. बी. कॉम. झालेला. गावच्या दूध संस्थेत त्याने चार वर्षे सचिवाच्या हाताखाली संकलन सांभाळले. मग वडिलांच्या आजारपणामुळे वर्षभर घरी बसला. आता एका खासगी डेअरीच्या शीतकरण केंद्रावर सुपरवायझरची जागा निघाली आहे आणि बायोडाटासोबत अर्जाचे पत्र मागितले आहे. त्याचा पहिला मसुदा असा:

‘महोदय, आपल्या नामांकित डेअरीतील सुपरवायझर पदाची जाहिरात वाचनात आली. मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून मला दुग्धव्यवसायाचा दांडगा अनुभव आहे. माझ्याकडे उत्तम संवादकौशल्य, नेतृत्वगुण व संघभावना आहे. दबावाखाली काम करण्याची माझी तयारी आहे. तरी मला एक संधी द्यावी, मी त्या संधीचे सोने करीन.’

यात खोटे काही नाही, पण त्याचेही काही नाही. खालची सही बदलली तर हेच पत्र विमा कंपनीला, कापडाच्या दुकानाला किंवा शाळेच्या कार्यालयाला चालेल. शाळेत अर्जलेखनाचा नमुना शिकवतात तो मायना, विषय आणि समारोप नीट लिहिता यावा म्हणून. मधला मजकूर ज्याचा त्याने भरायचा असतो. नेमका तोच भाग बहुतेक जण दुसऱ्याच्या अर्जावरून उतरवतात.

दुरुस्तीसाठी विशेषणांना एकेक करून प्रश्न विचारायचे: हे कधी दिसले? तेव्हा समोर कोण होते? पुढे काय झाले?

‘मेहनती’पासून सुरुवात करू. संस्थेचे संकलन पहाटे साडेपाचला सुरू व्हायचे आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचला. दूध सणालाही येते आणि पावसातही येते. त्यामुळे ‘चार वर्षे दोन्ही वेळचे संकलन मी पाहिले’ एवढे लिहिले की मेहनती हा शब्द लिहायची गरजच उरत नाही, कारण पत्र वाचणारा डेअरीतलाच माणूस असतो. ‘दांडगा अनुभव’ म्हणजे किती, याचेही उत्तर संस्थेच्या वहीत आहे: सुमारे 110 उत्पादक, दोन्ही वेळचे मिळून साधारण 1500 लिटर गाईचे दूध.

‘संवादकौशल्य’ आणि ‘दबाव’ या दोन शब्दांमागे मात्र एक अख्खा आठवडा दडलेला निघाला.

गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून दर जाहीर होतो आणि त्याखाली आले की पैसे कापले जातात. फॅट एका पॉइंटने कमी लागली तरी दहा दिवसांच्या बिलात फरक पडतो आणि तो उत्पादकाच्या लगेच लक्षात येतो. एका उन्हाळ्यात संस्थेत सगळ्यांचीच फॅट कमी लागू लागली. उन्हाळ्यात फॅट थोडी उतरतेच, म्हणून पहिले दोन दिवस या तरुणाने लोकांना तेच कारण सांगितले. तिसऱ्या दिवशी बिले जुळवताना त्याला दिसले, की घट सगळ्यांची जवळजवळ सारखीच आहे आणि ती एकाच सकाळपासून सुरू झाली आहे. एखाद्याच्या दुधात पाणी असेल किंवा वैरण बदलली असेल, तर त्याच्या एकट्याच्या आकड्यात फरक पडतो. सगळ्यांचे आकडे एकदम उतरले तर आधी मशिन तपासायचे असते.

त्याने दूध नीट ढवळून पाच उत्पादकांचे नमुने काढले. न ढवळता वरवरचे घेतले तर साय वर आलेली असते आणि फॅट चुकीची लागते. हे नमुने शीतकरण केंद्रावर गर्बर पद्धतीने, म्हणजे आम्ल घालून आणि यंत्रात फिरवून, तपासून घेतले. तिथे फॅट जास्त आली. संस्थेच्या अ‍ॅनालायझरच्या नळीत दुधाचा थर साचला होता आणि रोजच्या धुण्यात तो निघत नव्हता. मशिन द्रावणाने साफ करून पुन्हा जुळवले. सचिवाशी बोलून त्या दिवसांची बिले दुरुस्त झाली.

ही हकीकत त्याच्या पहिल्या मसुद्यात नव्हती. का, असे विचारल्यावर असा उमेदवार बहुधा सांगतो, ‘ते तर रोजचंच काम होतं.’ डेअरीला नेमके हे रोजचे काम करणाराच हवा असतो. ज्याला मशिनवर शंका घेता येते आणि चिडलेल्या उत्पादकासमोर पुन्हा नमुना काढायचा धीर आहे, असा माणूस सापडणे अवघड असते.

नवे पत्र असे झाले:

‘महोदय, आपल्या शीतकरण केंद्रावरील सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. गावच्या दूध संस्थेत मी चार वर्षे दोन्ही वेळचे संकलन, फॅट तपासणी आणि दहा दिवसांची बिले पाहिली. सुमारे 110 उत्पादक दूध घालत.

एका उन्हाळ्यात सगळ्यांची फॅट एकदम कमी लागू लागली. दोन दिवस मीही ऋतूचेच कारण समजलो. नंतर पाच नमुने केंद्रावर तपासून घेतले, तेव्हा दोष आमच्या मशिनचा निघाला. मशिन साफ करून आम्ही बिले दुरुस्त केली. तेव्हापासून दर आठवड्याला दोन नमुने बाहेर तपासून ताळा घेण्याची पद्धत मी सुरू केली.

गेले वर्षभर वडिलांच्या आजारपणामुळे मी नोकरी केली नाही. आता ती अडचण नाही. बल्क कूलर मी रोज हाताळला आहे, मात्र मोठ्या शीतकरण यंत्रणेवर काम केलेले नाही. ते शिकावे लागेल. संस्थेचे सचिव माझ्या कामाची माहिती देतील, त्यांना विचारून त्यांचा फोन नंबर बायोडाटात दिला आहे.’

दोन दिवस आपणही चुकलो, हे वाक्य अर्जात ठेवावे का? इथे ठेवावे, कारण चूक कशी लक्षात आली आणि पुढे ती टाळायला काय केले, हे लगेच पुढे येते. नुसती कबुली असती तर ती गाळलेली बरी. मोकळेपणाने लिहायचे म्हणून काही जण जुन्या मालकाबद्दलची तक्रार, थकलेला पगार, घरचे कर्ज असे सगळे लिहितात. त्यातून कामाबद्दल काहीच कळत नाही आणि वाचणाऱ्याला वाटते, उद्या हा आपल्याबद्दलही असेच लिहील. वर्षभराच्या खंडाला दोन छोटी वाक्ये पुरली, तेवढीच पुरेशी आहेत. आजाराचे नाव, खर्च, इस्पितळ यातले काही लागत नाही.

आकड्यांचे पथ्य याहून कडक आहे. जो आकडा मुलाखतीत वही न उघडता समजावून सांगता येईल, तोच लिहावा. ‘संस्थेचे उत्पन्न तीस टक्के वाढवले’ असे लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, कशाच्या तीस टक्के? तिथे अडखळला की पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. म्हणून ‘सुमारे’, ‘साधारण’ हे शब्द जिथे खरे आहेत तिथे राहू द्यावेत.

सरकारी भरतीत या पत्राचा उपयोग नाही. तिथे ठरलेला ऑनलाइन अर्ज असतो आणि निवड परीक्षेच्या गुणांवर होते. खासगी डेअरी, पतसंस्था, कारखाना, दवाखाना अशा ठिकाणी मात्र कुणीतरी माणूस अर्ज चाळत बसलेला असतो.

याच तरुणाने उद्या पतसंस्थेत लेखनिकाच्या जागेसाठी अर्ज केला, तर दूध मागे जाईल. तिथे 110 जणांची बिले दर दहा दिवसांनी कशी जुळवली, एखाद्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले तर ते कसे शोधून काढले, हे आधी यावे लागेल. गर्बरच्या नमुन्यांना तिथे एक ओळ पुरे.