काकू की आजी, हे एका 'आ'वर ठरतं

जपानीत 'ओबासान' म्हणजे काकू, मावशी. 'ओबाआसान' म्हणजे आजी. फरक एवढाच, की 'बा' किती वेळ धरला. चाळिशीतल्या शेजारणीला हाक मारताना तो लांबला, की तिची आजी झालीच. जपानी शिकणारा मराठी माणूस इथे हमखास चुकतो, आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे.

आपण 'फूल' म्हणतो आणि 'फुलाला' म्हणतो. दीर्घाचं ऱ्हस्व झालं तरी फूल तेच राहतं. 'अ' आणि 'आ' आपण ओळखतो ते मुख्यतः तोंड किती उघडलं त्यावरून. जपानी 'आ' आखूड असो वा लांब, तोंड तेवढंच उघडतं, वेळ तेवढा बदलतो. ही लांबी मोजायची सवयच आपल्या कानाला नाही. द्वित्ताचं मात्र उलट आहे. 'गडी' आणि 'गड्डी', 'पटी' आणि 'पट्टी' हे भेद आपण लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून माझ्या मते मराठी विद्यार्थ्याने सरावाचा बराचसा वेळ स्वरांनाच द्यावा.

एक त्रिकूट घ्या. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट, 'किइते' म्हणजे ऐक. जपानी कानाला पहिल्यात दोन ठोके ऐकू येतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. 'कित्ते'चा मधला ठोका निव्वळ शांततेचा असतो, कारण जीभ दातांमागे टेकून थांबलेली असते. 'किइते'त त्याच जागी आवाज चालू राहतो. हायकूचे ५-७-५ मोजताना हा मुका ठोकाही धरला जातो.

सराव असा करावा. ध्वनिमुद्रित शब्द उलटसुलट क्रमाने लावायचे, कोणता ऐकला ते लिहायचं आणि लगेच उत्तर ताडून पाहायचं. मग बोटाने टेबलावर ठोके देत तोच शब्द म्हणायचा. आवाज वेगवेगळ्या माणसांचे हवेत, नाहीतर कान त्या एकाच माणसाला सरावतो. शब्द जमले की ते वाक्यात ऐकावेत, कारण घाईने बोलणाऱ्याचा दीर्घ स्वर संथ बोलणाऱ्याच्या ऱ्हस्वाएवढाच भरू शकतो. लांबी नेहमी आजूबाजूच्या अक्षरांच्या मानाने जोखायची असते.

उच्चाराची परीक्षा सोबत्याने घ्यावी. तुम्ही म्हणायचं, त्याने न बघता लिहायचं. तुमच्या 'किइते'ला तो वारंवार 'किते' लिहीत असेल, तर स्वर अजून आखूड पडतोय. एकटेच असाल तर Praat या मोफत प्रोग्रॅममध्ये आपला आवाज आणि मूळ आवाज शेजारी ठेवून स्वराची लांबी मोजता येते.

आणि जपानी शब्द वहीत देवनागरीत उतरवणं पहिल्या महिन्यातच बंद करा. 'इथे' या अर्थाचा 'कोको' आणि हायस्कूल या अर्थाचा 'कोओकोओ' आपल्या वहीत हटकून एकसारखेच लिहिले जातात. जपानी काना लिपीत लांबलेल्या स्वराला स्वतंत्र अक्षर किंवा खूण असते, तीच लिहा.