लसणाचे वलय आणि आत्याच्या गोळ्या

नववीतल्या मुलीने प्रदर्शनाचा तक्ता घरच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. शाळा सेमी-इंग्रजी, त्यामुळे प्रकल्प इंग्रजीत लिहिलेला होता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक मराठी माध्यमाच्या शाळांमधलेही असणार होते आणि पालकही येणार होते, म्हणून बाईंनी शीर्षक आणि सारांश मराठीत करून आणायला सांगितले होते. तिने केलेले मराठी शीर्षक ठळक अक्षरांत होते : ‘लसूण – ई. कोलाय जंतूंचा नाश करणारे नैसर्गिक प्रतिजैविक’.

वडिलांनी ते वाचले आणि विचारले, “अगं, आत्याच्या लघवीच्या तपासणीत हेच ई. कोलाय आलंय ना? मग त्या गोळ्या बंद करून लसूणच दिला तर?”

आत्याच्या गोळ्यांचा तो तिसरा दिवस होता. मूत्रमार्गाच्या संसर्गाला सर्वांत जास्त वेळा ई. कोलाय हाच जीवाणू कारणीभूत असतो. उपचार अर्धवट राहिला तर हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. वडिलांचा प्रश्न भाबडा नव्हता. तक्त्यावर जे लिहिले होते, त्याचा सरळ अर्थ त्यांनी लावला होता. मुलीच्या इंग्रजी शीर्षकात मात्र यातले काहीच म्हटलेले नव्हते. तिथे होते : ‘इफेक्ट ऑफ बॉइलिंग ऑन द इन व्हिट्रो अँटिबॅक्टेरियल ॲक्टिव्हिटी ऑफ गार्लिक एक्स्ट्रॅक्ट अगेन्स्ट ई. कोलाय’.

प्रयोग काय होता

लसणाच्या अखंड पाकळीत ॲलिसिन नसते. पाकळी ठेचली की तिच्यातले ॲलिनेज हे विकर ॲलिन या घटकावर काम करते आणि मग ॲलिसिन तयार होते. लसणाचा उग्र वास तेव्हाच सुटतो. पाकळी आधी उकळली तर ते विकर निकामी होते आणि नंतर कितीही ठेचले तरी ॲलिसिन फारसे तयार होत नाही. उकळलेल्या लसणात जीवाणूंची वाढ रोखण्याचा गुण कमी होतो का, हे मुलीला पाहायचे होते.

ई. कोलाय घरी किंवा वर्गात वाढवायचा नसतो. म्हणून प्रयोग एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली झाला. वर्धन माध्यमाने भरलेल्या काचेच्या बशीत जीवाणू सारखे पसरायचे, त्यावर अर्कात भिजवलेल्या ६ मिलिमीटर व्यासाच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि बशी ३५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायची. सकाळी सगळीकडे जीवाणूंचा दुधी थर दिसतो. ज्या चकतीतून झिरपलेल्या पदार्थाने वाढ रोखली, तिच्याभोवती मात्र स्वच्छ गोल वलय राहते. त्याचा व्यास मोजायचा. रुग्णाच्या जीवाणूवर कोणते औषध चालेल, हे पाहण्यासाठी रुग्णालयांतही ही पद्धत वापरतात.

शीर्षकातल्या चार चुका

पहिली चूक ‘जंतू’ या शब्दाची. बोलण्यात जीवाणू, विषाणू, बुरशी आणि पोटातले कृमी या सगळ्यांनाच जंतू म्हणतात. प्रयोग फक्त जीवाणूवर झाला होता, आणि तोही एकाच जातीच्या. पाठ्यपुस्तकात बॅक्टेरियासाठी ‘जीवाणू’ आणि व्हायरससाठी ‘विषाणू’ हे शब्द ठरलेले आहेत. ‘जंतू’ वाचणाऱ्याला लसूण सर्दीच्या विषाणूवरही चालतो असे वाटले, तर तो दोष वाचणाऱ्याचा नाही.

दुसरी चूक ‘नाश’ या शब्दाची. स्वच्छ वलयाचा अर्थ एवढाच, की तिथे जीवाणू वाढले नाहीत. ते मेले की नुसते थबकले, हे वलय सांगत नाही. ते पाहायचे तर स्वच्छ भागातला नमुना घेऊन अर्क नसलेल्या नव्या माध्यमावर लावावा लागतो. तिथे वाढ झाली, तर जीवाणू जिवंत होते. ही चाचणी केलेली नव्हती. त्यामुळे ‘जीवाणुनाशक’ हा शब्द वापरता येत नव्हता, ‘जीवाणुरोधी’ वापरता येत होता. रोखणे आणि मारणे यांत वैद्यकशास्त्र फरक करते, आणि दोन्हींसाठी मराठीत सोपे शब्द आहेत.

तिसरी चूक ‘प्रतिजैविक’. हा शब्द अँटिबायोटिक औषधांसाठी रूढ झाला आहे. तो वाचला की मात्रा ठरलेले, माणसांवर तपासलेले औषध डोळ्यांसमोर येते. लसणाच्या अर्कात जीवाणुरोधी गुण आढळला, एवढ्याने तो प्रतिजैविक ठरत नाही.

चौथी चूक सर्वांत महागात पडणारी होती, कारण ती गाळलेल्या शब्दाची होती. ‘इन व्हिट्रो’ला मराठी शब्द सुचला नाही म्हणून मुलीने तो सोडून दिला. त्याचा शब्दशः अर्थ ‘काचेत’, म्हणजे सजीवाच्या शरीराबाहेर. बशीत अर्क थेट जीवाणूवर पडतो. खाल्लेल्या लसणातले ॲलिसिन मात्र शरीरात झपाट्याने बदलते, ते जसेच्या तसे लघवीपर्यंत पोचत नाही. बशीतल्या वलयावरून आत्याच्या मूत्राशयाबद्दल काही म्हणता येत नाही, हे त्या दोन इंग्रजी शब्दांत होते. ते गळले आणि वडिलांचा प्रश्न उभा राहिला.

शिवाय ‘उकळण्याचा परिणाम’, म्हणजे प्रकल्पाचा खरा विषय, मराठी शीर्षकातून नाहीसाच झाला होता.

सारांशातले फसवे शब्द

सारांशात एक वाक्य होते : ‘नियंत्रण चकतीभोवती वलय आढळले नाही.’ ‘कंट्रोल’चे हे भाषांतर शब्दकोशाला धरून होते, पण वडिलांना वाटले की जीवाणूंवर नियंत्रण ठेवणारी चकती फसली. खरे तर ती फक्त निर्जंतुक पाण्यात भिजवलेली, तुलनेसाठी ठेवलेली चकती होती. तिच्याभोवती वलय येऊ नये हेच अपेक्षित होते. ‘तुलनेची चकती’ असे लिहून तिच्यात काय होते ते सांगितले, की गोंधळ संपतो.

पुढचे वाक्य होते : ‘दोन अर्कांतील फरक महत्त्वपूर्ण आहे.’ इंग्रजीतला ‘सिग्निफिकंट’ इथे सांख्यिकीतला शब्द आहे. त्यासाठी ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ असे लिहावे लागते. दोन्ही अर्कांत खरोखर काही फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचपेक्षा कमी होती, असा त्याचा अर्थ. फरक मोठा आहे किंवा उपयोगाचा आहे, असे त्यातून निघत नाही. ‘महत्त्वपूर्ण’ म्हटले की नेमके तेच निघते.

तिसरी गोष्ट निबंधाच्या सवयीची. एकच शब्द पुन्हा वापरू नये, असे निबंधात शिकवतात. म्हणून मुलीने एकाच ई. कोलायला एका वाक्यात जंतू, दुसऱ्यात जीवाणू आणि तिसऱ्यात सूक्ष्मजीव म्हटले होते. परीक्षकाला वाटेल, तीन वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या. सारांशात एका वस्तूला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच शब्द हवा. तो शक्यतो पाठ्यपुस्तकातला असावा आणि पहिल्यांदा येईल तिथे त्याचा अर्थ साध्या शब्दांत सांगावा. ई. कोलाय, ॲलिसिन, जेंटामायसिन अशी नावे मात्र भाषांतरित करायची नसतात, ती नागरी लिपीत तशीच ठेवायची.

नवा तक्ता

बाईंनी आणि मुलीने मिळून पुन्हा लिहिले :

*लसूण उकळल्याने त्याच्या जीवाणुरोधी गुणावर होणारा परिणाम : ई. कोलाय जीवाणूवर प्रयोगशाळेत, शरीराबाहेर केलेली चाचणी*

*लसूण ठेचल्यावर त्यात ॲलिसिन हे संयुग तयार होते. पाकळ्या आधी उकळल्या तर लसणाचा जीवाणुरोधी गुण, म्हणजे जीवाणूंची वाढ रोखण्याचा गुण, कमी होतो का, हे तपासले. ई. कोलाय जीवाणू पसरलेल्या दहा बशांमध्ये प्रत्येकी चार चकत्या ठेवल्या : कच्च्या लसणाचा अर्क, उकळलेल्या लसणाचा अर्क, आणि तुलनेसाठी निर्जंतुक पाणी व जेंटामायसिन हे प्रतिजैविक. १८ तासांनंतर वाढ रोखलेल्या वलयाचा सरासरी व्यास (चकतीच्या ६ मि.मी.सह) कच्च्या अर्काभोवती १५ मि.मी. आणि उकळलेल्या अर्काभोवती ७ मि.मी. होता. हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आहे. पाण्याच्या चकतीभोवती वलय आले नाही. जेंटामायसिनभोवती अपेक्षित आकाराचे वलय आले. जीवाणू मेले की त्यांची फक्त वाढ थांबली, हे या चाचणीतून कळत नाही. माणसाच्या शरीरातील परिणाम तपासलेला नाही.*

‘चकतीच्या ६ मि.मी.सह’ हे कंसातले शब्द बाईंनी आवर्जून घातले. ते नसते, तर ७ मिलिमीटरचे वलय बरेच मोठे वाटले असते. प्रत्यक्षात चकतीच्या कडेबाहेर ते सगळीकडून जेमतेम अर्धा मिलिमीटर होते.

जेंटामायसिनच्या वलयाचा आकडा मुद्दाम दिलेला नाही. तो दिला की ‘लसणाची ताकद औषधाच्या इतके टक्के’ असा हिशेब कोणीतरी मांडतो. वलयाचा आकार पदार्थाच्या ताकदीइतकाच तो माध्यमात किती वेगाने पसरतो आणि चकतीवर किती मात्रा होती, यांवरही ठरतो. दोन निराळ्या पदार्थांची वलये अशी फूटपट्टीने तोलता येत नाहीत. जेंटामायसिनची चकती होती ती बशी आणि पद्धत नीट काम करते आहे, हे पाहण्यासाठी.

शेवटी बाईंनी भाषांतर तपासायची एक युक्ती सांगितली. इंग्रजी मजकूर न पाहिलेल्या माणसाला मराठी वाचायला द्यायचे आणि तीन प्रश्न विचारायचे : काय तपासले, काय आढळले, काय तपासले नाही? उत्तरे इंग्रजी मजकुराशी जुळली नाहीत, तर चूक वाचणाऱ्याची नव्हे, लिहिणाऱ्याची.

मुलीने नवा तक्ता वडिलांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

“लसूण उकळल्याने काय फरक पडतो ते तपासलंत,” ते म्हणाले. “उकळल्यावर जीवाणूंची वाढ रोखायचा गुण बराच कमी झाला. आणि माणसावर काही बघितलेलं नाही.”

“मग आत्याच्या गोळ्या?”

“त्या या तक्त्यात कुठे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस चालू राहतील.”